तोंडात लाळ, जिभेवर लोखंड आणि नाकाला फोडणी

प्रश्न: मला आठवा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळंतपण. दहा दिवसांपासून तोंडात सारखी लाळ भरते, गिळली की उलटी होते म्हणून बाटलीत थुंकते. जिभेवर लोखंड चाटल्यासारखी चव असते. घरात फोडणी पडली की मी दार लावून बसते. सासूबाई म्हणतात, थुंकू नकोस, गिळ. आई म्हणते, थुंकूनच टाक, ती घाण पोटात गेली तर बाळाला चांगली नाही. हे नॉर्मल आहे का? काही उपाय आहे का?

उत्तर:

आधी सासूबाई आणि आई दोघींचं उत्तर देते, कारण तुमच्या घरात रोजचा वाद तोच असणार. लाळ गिळल्याने बाळाला काहीही होत नाही. ती घाण नाही, तुमच्याच शरीरातलं पाणी, थोडे क्षार आणि पाचक रस आहे. थुंकल्यानेही बाळाला काही होत नाही, फक्त एक अट आहे: थुंकीतून जेवढं पाणी बाहेर गेलं, तेवढं पुन्हा पोटात गेलं पाहिजे. त्यामुळे जे जमेल ते करा. गिळता येत असेल तर गिळा, उलटी होत असेल तर थुंका, आणि त्याबद्दल कोणाकडून बोलणी खाऊ नका.

आणि हो, हे गरोदरपणातच होणारं आहे. सगळ्यांना होत नाही. पण गेली बावीस वर्षं मी बाळंतपणाचं काम करते आणि दर पावसाळ्यात-हिवाळ्यात दोन-चार तरी बायका हातात बाटली किंवा तोंडावर रुमाल घेऊन माझ्यासमोर बसलेल्या असतात. बहुतेकींनी दवाखान्यात येण्याआधी कित्येक दिवस हे लपवलेलं असतं, कारण थुंकायची लाज वाटते.

तुम्ही तीन तक्रारी सांगितल्यात, पण मला त्यात एकच साखळी दिसते. वास आला की मळमळ होते, मळमळ झाली की गिळणं थांबतं, गिळणं थांबलं की लाळ साचते, साचलेल्या लाळेला चव येते आणि ती चव पुन्हा मळमळ आणते. साखळी एका ठिकाणी तुटली की बाकीचं बरंचसं सैल पडतं. कुठे तोडायची, ते तुमची लाळ कशाने वाढलीय यावर ठरतं.

निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला साधारण एक ते दीड लिटर लाळ तयार होते. आपल्याला ती कळतही नाही, कारण जागेपणी मिनिटाला एखाद्या वेळी आपण नकळत आवंढा गिळत असतो. म्हणजे कसलाही आजार नसताना कोणी नुसतं गिळणं बंद केलं, तरी संध्याकाळपर्यंत बाटली अर्धी भरेल. गरोदरपणातल्या लाळेचं पहिलं कारण पुष्कळदा हेच असतं. लाळ फारशी वाढलेली नसते, मळमळीमुळे गळा ती घ्यायला नकार देतो.

दुसरं कारण मेंदूत आहे. उलटी घडवून आणणारं केंद्र आणि लाळेच्या ग्रंथींना हुकूम देणारं केंद्र मेंदूच्या देठात अगदी शेजारी शेजारी आहेत. म्हणूनच कोणालाही उलटी होण्याआधी तोंडाला पाणी सुटतं. येणाऱ्या आम्लापासून दात वाचावेत म्हणून शरीराने केलेली ती सोय आहे. तुमच्या बाबतीत मळमळ दिवसभर चालू आहे, म्हणून ती सोयही दिवसभर चालू आहे.

तिसरं कारण छातीत आहे. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन वाढतं आणि त्याने अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैल पडते. पोटातलं आम्ल वर येतं. ते अन्ननलिकेला लागलं की लाळग्रंथी एकदम पाणी सोडतात, कारण लाळ किंचित अल्कधर्मी असते आणि आम्ल धुऊन काढते. यात छातीत जळजळ असतेच असं नाही. काही बायकांना आम्ल जाणवतच नाही, फक्त अचानक तोंड पाण्याने भरतं.

तुमचं यातलं कोणतं, हे ओळखायला मी तीन गोष्टी विचारते. एक, गाढ झोपेत काय होतं? झोपेत लाळ तयार होणं जवळजवळ थांबतं. रात्री सलग झोप लागते, उशी कोरडी राहते आणि सकाळी उठल्यावर तोंड भरायला लागतं, असं असेल तर दोष मळमळीकडे जातो. आडवं पडल्यावरच तोंड भरत असेल किंवा रात्री तोंडभर पाण्याने जाग येत असेल, तर मी आम्लाकडे बघते. दोन, जेवणानंतर किती वेळाने वाढतं? अर्ध्या-एक तासात एकदम वाढत असेल तर पुन्हा आम्ल. तीन, लाळ पाण्यासारखी पातळ आहे की तार सुटणारी चिकट? हे उत्तर पुढे उपाय निवडताना लागेल.

आता एक काम करा. लिटरची रिकामी पाण्याची बाटली घ्या, तिच्यावर मार्करने शंभर-शंभर मिलिलिटरच्या खुणा करा आणि एक पूर्ण दिवस, सकाळी उठल्यापासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत, फक्त त्यातच थुंका. आकडा लिहून ठेवा. यामागे माझा हेतू साधा आहे. 'खूप लाळ येते' यावरून मला काहीच ठरवता येत नाही, पण 'सहाशे मिलिलिटर' म्हटलं की रोज किती पाणी जास्त प्यायचं ते ठरतं आणि आठवड्याने उपाय लागू पडला की नाही तेही कळतं. बायकांना स्वतःलाही आकडा बघून धीर येतो. वाटतं त्यापेक्षा तो बहुतेक वेळा कमीच निघतो.

एका बाईचं सांगते. वय सव्वीस, दहावा आठवडा, दिवसभर काउंटरवर बसायची नोकरी. तोंडावर मास्क, मास्कच्या आत रुमाल, पिशवीत बाटली. ओठांच्या कडा फाटलेल्या, हनुवटीवर लालसर चट्टा. दिवस जाण्याआधी वजन ५४ किलो, त्या दिवशी साडेबावन्न. म्हणजे तीन टक्क्यांच्या आत घट. लघवीत कीटोन, म्हणजे पोटात अन्न कमी पडलं की शरीर चरबी जाळतं त्यातून उतरणारे पदार्थ, अगदी थोडे. बाटलीचा हिशोब आला ८०० मिलिलिटर.

मी तिला कालचा दिवस सकाळपासून सांगायला लावला. उठल्या उठल्या रिकाम्या पोटी कडक चहा. त्यावर लगेच मल्टिव्हिटॅमिनची गोळी. डबा अर्धा परत. नोकरीवरून येऊन स्वयंपाक, म्हणून जेवण रात्री साडेदहाला आणि अकराला अंथरुणात. थुंकणं सकाळी सात ते नऊ आणि रात्री जेवल्यानंतर सगळ्यात जास्त, मध्ये बरंच कमी. दिवसाचा हा नकाशा समोर आला तेव्हा औषधाआधी काय हलवायचं ते आपोआप दिसलं. रिकाम्या पोटी आम्ल आणि चहा, भरल्या पोटी आडवं होणं, ही दोन दारं आधी बंद करायची होती.

तिला सांगितलं: उशाशी वाटीभर कुरमुरे किंवा दोन खाकरे ठेव, अंथरुणात बसूनच खा, मग पंधरा-वीस मिनिटांनी उठ. चहा त्यानंतर, तोही अर्धा कप आणि फिका. दिवसात तीन जेवणांऐवजी दर दोन-अडीच तासांनी मूठभर काहीतरी. पोट रिकामंही नको, टम्मही नको. रात्रीचं जेवण आठपर्यंत, आणि त्यानंतर दोन-तीन तास आडवं व्हायचं नाही. पलंगाचे डोक्याकडचे पाय विटांवर चढवून चार-सहा इंच उंच करायचे. नुसत्या दोन उश्या घेतल्या की मान वाकते, पोट दुमडतं आणि आम्ल उलट वर ढकललं जातं, म्हणून विटा. सहाव्या दिवशी बाटलीत ४५० मिलिलिटर होते. शून्य झाली नाही, पण ती मास्क काढून बोलत होती.

पाण्याचा हिशोब असा. नेहमीचं दोन-सव्वादोन लिटर, त्यावर थुंकलेलं जितकं तितकं. पण ते ग्लासभरून प्यायचं नाही. पोट ताणलं की उलटी होते. एका वेळी दोन-तीन घोट, थंडगार, दर दहा मिनिटांनी. लाळेतून पोटॅशियम आणि बायकार्बोनेटही जातं, म्हणून त्यातला एखादा लिटर ओआरएस, नारळपाणी किंवा मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी असलं तर बरं. ओआरएसचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवा. अर्ध्या पाकिटाचा अंदाज नेहमी चुकतो.

गिळण्याची एक युक्ती आहे, ती सावकाश शिकावी लागते. तोंड भरेपर्यंत थांबून मोठा आवंढा गिळायला गेलं की घशाच्या मागच्या भागाला त्या चिकट गोळ्याचा स्पर्श होतो आणि ओकारी येते. त्याऐवजी लाळ थोडी असतानाच, बर्फाच्या पाण्याचा छोटा घोट तोंडात घ्यायचा, त्यात लाळ मिसळू द्यायची, हनुवटी किंचित छातीकडे झुकवायची आणि दोन्ही एकत्र गिळायचं. थंडीने घसा थोडा बधिर होतो आणि तार तुटते. दिवसातून जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा. ज्या वेळी मळमळ जोरात असेल त्या वेळी प्रयत्नच करू नका, थुंकून टाका.

लिंबू, आवळा, चिंच चघळावी का, यावर बायका एकमेकींना अगदी उलट सल्ले देतात आणि दोन्ही आपापल्या जागी खरे असतात. आंबटाने लाळ वाढतेच. पण वाढलेली लाळ पातळ होते, आणि पातळ लाळ गिळता येते. म्हणून तुमची लाळ चिकट, तार सुटणारी असेल तर लिंबाची फोड चाटणं, कोकमाचं पातळ सार घोट घोट घेणं, साखर नसलेली आंबट गोळी चघळणं उपयोगी पडतं. लाळ आधीच पाण्यासारखी असेल तर आंबटाने बाटली लवकर भरेल, दुसरं काही नाही. अशा बायकांना मी एखादी वेलची किंवा अर्धी लवंग दाढेत धरायला सांगते, नाहीतर साखर नसलेलं पुदिन्याचं च्युइंगगम. च्युइंगगमनेही लाळ सुटते, पण सतत चघळण्याने गिळण्याची लय परत येते. आणि छातीत जळजळ असेल तर आंबट आणि पुदिना दोन्ही बाजूला ठेवा, दोन्हींनी ती वाढू शकते.

इथे एक गोष्ट फार कळकळीने सांगते. मळमळीवर आणि तोंडाच्या चवीवर उपाय म्हणून आपल्याकडे कित्येक घरांत बायका मिश्री लावतात, सुपारी किंवा तंबाखू दाढेत धरतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. हिरड्यांतून त्यातलं निकोटीन थेट रक्तात जातं, बाळाचं वजन कमी भरतं, आणि वर लाळही वाढते. 'मिश्री लावली की बरं वाटतं' हे खरं असतं, पण ते निकोटीनची तलफ भागल्याचं बरं वाटणं असतं. तुम्ही किंवा घरात कोणी लावत असाल तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. आम्ही रागावण्यासाठी विचारत नाही.

आता लोखंडाच्या चवीकडे येते. इस्ट्रोजेन वाढलं की चवीची जाण बदलते. कडू आणि तुरट जास्त जाणवतं, आणि काही न खाता-पिताही जिभेच्या कडांना नाणं ठेवल्यासारखं वाटत राहतं. पण ते सगळं हार्मोन्सवर ढकलण्याआधी तीन गोष्टी तपासा, कारण त्या हातात असतात.

पहिली गोळी. तुमच्या गोळीच्या पाकिटावर 'फेरस' किंवा 'आयर्न' असा शब्द आहे का बघा. पहिल्या तीन महिन्यांत गरज असते ती फॉलिक ॲसिडची. सरकारी कार्यक्रमातही लोहाची गोळी साधारण चौथ्या महिन्यापासून देतात, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. हिमोग्लोबिन चांगलं असेल तर बाराव्या-तेराव्या आठवड्यापर्यंत फक्त फॉलिक ॲसिड ठेवता येईल का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. स्वतःहून सगळंच बंद करू नका. फॉलिक ॲसिड बाळाच्या मेंदू आणि मणक्यासाठी आहे आणि त्याची वेळ आत्ताच आहे. त्या काउंटरवरच्या बाईच्या गोळीत लोह होतं. आम्ही ते थांबवलं आणि फॉलिक ॲसिड रात्री जेवणानंतर दिलं. चार-पाच दिवसांत तिने सांगितलं की चव गेली नाही, पण सकाळची 'गंजलेली' आता 'फिकी' झाली. हिमोग्लोबिन कमी असेल तर मात्र लोह थांबवायचं नसतं, प्रकार किंवा वेळ बदलायची असते.

दुसरी हिरड्या. गरोदरपणात हिरड्या सुजतात आणि थोड्याशा घासण्यानेही रक्त येतं. रक्ताची चव लोखंडाचीच असते, कारण त्यात लोह असतं. सकाळी ब्रश करण्याआधी पांढऱ्या कापसात थुंकून बघा. गुलाबी डाग दिसला तर अर्धं उत्तर मिळालं. मऊ ब्रश घ्या, आणि दाताच्या डॉक्टरांकडे जायला घाबरू नका. दात साफ करणं गरोदरपणात चालतं. उलटी झाल्यावर लगेच मात्र ब्रश करू नका. आम्लाने दातांचा वरचा थर तेवढ्यापुरता मऊ झालेला असतो, घासला की झिजतो. आधी चूळ भरा, ब्रश अर्ध्या तासाने.

ती चूळ कशाची? एक ग्लास पाण्यात पाव चमचा खायचा सोडा. तोंडात फिरवा, थुंका, गिळू नका. सोड्याने आम्ल मरतं, चिकट लाळ सुटते आणि धातूची चव तासभर तरी उतरते. दिवसातून चार-पाच वेळा चालतं. जाहिरातींतल्या झोंबणाऱ्या, अल्कोहोल असलेल्या माउथवॉशची इथे गरज नाही, त्यांच्या वासानेच कित्येकींना उलटी होते. सोड्याच्या पाण्याने ओठांभोवतीची कातडी कोरडी पडली तर रात्री व्हॅसलीन किंवा साजूक तूप लावा. तोंड पुसताना घासू नका, टिपून घ्या.

तिसरी भांडी. तांब्या-पितळेच्या भांड्याची कल्हई गेलेली असेल आणि त्यात आमटी, ताक किंवा चिंचेचं काही ठेवत असाल, तर ती धातूची चव खरोखरची धातूचीच असते. आंबट पदार्थ स्टीलमध्ये, काचेत किंवा चिनी मातीच्या बरणीत ठेवा.

बाकी चवीला चवीनेच झाकायचं. थंड दह्यात चिमूटभर जिरेपूड आणि मीठ, कैरीचं किंवा लिंबाचं लोणचं बोटभर, मोसंबी. धातूच्या चवीवर आंबट आणि खारट चालतं. गोड बहुतेकींना आणखी नकोसं होतं. ज्यांना लाळ जास्त आणि पातळ आहे, त्यांनी हे जेवणाबरोबर घ्यावं, मधल्या वेळी चघळत बसू नये.

वासाचं प्रकरण मला सगळ्यात जास्त समजावून सांगावं लागतं, तेही घरच्यांना. विचारलं तर तीनपैकी जवळपास दोन गरोदर बायका सांगतात की नाक तीक्ष्ण झालंय. पण प्रयोगशाळेत वास फिका करत करत मोजलं, तर गरोदर बाईचं नाक इतरांपेक्षा फार दुरूनचं हुंगतं, असं सातत्याने दिसत नाही. बदलतो तो मेंदूचा निवाडा. जो वास काल भूक चाळवत होता तोच आज 'नको' म्हणून येतो. म्हणजे तुम्ही नाटक करत नाही, आणि 'मन दुसरीकडे वळव' म्हटल्याने तो निवाडा बदलतही नाही. २०२३ मध्ये आलेल्या संशोधनाने गरोदरपणातल्या मळमळीमागे वारेतून येणाऱ्या जीडीएफ१५ नावाच्या हार्मोनचा मोठा हात दाखवला. ते मेंदूच्या त्याच भागावर काम करतं जिथे उलटी ठरते. दिवस जाण्याआधी ज्या बाईच्या रक्तात ते कमी होतं, तिला त्याची सवय नसते, म्हणून त्रास जास्त होतो. जावेला झालं नाही आणि तुम्हाला झालं, यात मनाच्या कणखरपणाचा काही संबंध नाही.

वासाशी वागताना एक गोष्ट लक्षात ठेवली की पुष्कळ काम होतं: वास म्हणजे हवेत उडालेले कण, आणि गरम पदार्थातून ते जास्त उडतात. वाफाळता भात नाकाला मारतो, तोच भात निवून दह्यात कालवला की नाक मान्य करतं. म्हणून थालीपीठ गार करून, दहीपोहे, दहीभात, काकडी, उकडलेला बटाटा मीठ लावून, निवलेली खिचडी. फक्त शिजवलेला भात तासन् तास ओट्यावर उघडा ठेवू नका. निवला की फ्रिजमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी संपवा. दूध उकळलेलंच घ्या, आणि कच्ची मोड आलेली कडधान्यं या दिवसांत टाळा.

फोडणीचा उपाय स्वयंपाकघरात आहे, तुमच्या नाकात नाही. तेलात लसूण-हिंग-मोहरी पडते तो क्षण सगळ्यात जड असतो. काही आठवडे फोडणी दुसऱ्या कोणी घालावी, तीही तुम्ही घरात नसाल तेव्हा, एक्झॉस्ट फॅन लावून आणि खिडकी उघडून. उकडून, भाजून, वरून कच्चं तेल किंवा तूप घेऊन केलेलं जेवण महिनाभर चाललं तर कोणाचं बिघडत नाही. कुकर उघडताना तुम्ही जवळ नको. ओल्या कचऱ्याचा डबा रोज बाहेर, फ्रिज आठवड्याला सोड्याच्या पाण्याने पुसलेला, देवघरातली उदबत्ती आणि डासांची कॉइल तात्पुरती बंद. नवऱ्याचं अत्तर, केसांचं तेल, सिगरेट यांचाही विचार करा. बायका संकोचाने हे सांगत नाहीत आणि रात्री उशी उलटी करून झोपतात. लोकलमध्ये, बसमध्ये रुमालात लिंबाची साल ठेवा आणि वास आला की ती नखाने खरवडून हुंगा. टूथपेस्टचा वास किंवा फेस नको होत असेल तर लहान मुलांची, कमी फेसाची पेस्ट वाटाण्याएवढी घ्या आणि ब्रश काही खाल्ल्यावर करा.

औषधाची वेळ कधी येते? आठवडाभर वरचं सगळं नेटाने करूनही खाणं-पिणं अर्ध्यावर असेल तर उशीर करू नका. लाळेवर थेट गोळी देण्याआधी आम्ही मळमळ शांत करतो, कारण साखळीची मधली कडी ती आहे. यासाठी डॉक्सिलॅमीन आणि पायरिडॉक्सिन म्हणजे बी-६ जीवनसत्त्व यांची जोडगोळी दिली जाते. दोन्ही सहसा १०-१० मिलिग्रॅम. सुरुवात रात्री झोपताना होते आणि गरजेप्रमाणे डॉक्टर दिवसाच्या गोळ्या वाढवतात. गरोदरपणात ती अनेक वर्षं वापरात आहे. तिने झोप येते, म्हणून पहिले काही दिवस स्कूटर चालवू नका. आम्ल असेल तर त्याचं औषध वेगळं देतो. आलं घरचा उपाय म्हणून चांगलं आहे, दिवसाला सुंठीच्या हिशोबात एक ग्रॅमपर्यंत, म्हणजे सपाट अर्धा चमचा. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आधी विचारा. लाळ सुकवणाऱ्या गोळ्या असतात, पण त्यांनी तोंड कोरडं, छातीत धडधड, बद्धकोष्ठ असं सगळं मागे लागतं. त्या फार थोड्या जणींना, तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच देतात. दुकानातून मागून घेऊ नका.

पुढच्या गोष्टी दिसल्या तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा. पाण्याचे घोटही दिवसभर टिकत नाहीत. आठ तासांत लघवी झाली नाही, किंवा झाली ती चहासारखी गडद. उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. दिवस जाण्याआधीच्या वजनाच्या पाच टक्के घट, म्हणजे पन्नास किलोच्या बाईला अडीच किलो. उलटीत रक्त, ताप, पोटात सतत दुखणं. तिथे लघवीतले कीटोन, रक्तातले क्षार, थायरॉइड आणि सोनोग्राफी बघतात, कारण जुळं असेल किंवा द्राक्षगर्भ, म्हणजे वारेचीच द्राक्षांच्या घडासारखी वाढ असेल, तरी मळमळ जोरात असते. बरेच दिवस काहीच टिकलं नसेल तर ग्लुकोजची सलाइन लावण्याआधी थायमिन म्हणजे बी-१ दिलंय ना, हे नातेवाइकांनी जरूर विचारावं. त्याशिवाय ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते.

शेतावर राहणाऱ्या बायकांसाठी आणखी एक. लाळ एकाएकी, तासा-दोन तासांत सुटली, बरोबर घाम, डोळ्यांतून पाणी, धूसर दिसणं, जुलाब किंवा धाप असेल आणि कपाशीवर, भाजीवर फवारणी झालेली असेल, तर ते गरोदरपणाचं नाही. ते कीटकनाशकाचं विष आहे. कपडे बदलून, अंग साबणाने धुऊन, औषधाची बाटली बरोबर घेऊन लगेच मोठ्या दवाखान्यात न्यायचं.

किती दिवस चालेल, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणारच. मळमळ साधारण नवव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असते आणि बहुतेकींची चौदा ते सोळा आठवड्यांत उतरते. वास आणि धातूची चव तिच्या मागोमाग जातात. लाळ थोडी हट्टी आहे. काही जणींना ती कमी-जास्त होत शेवटपर्यंत राहते. त्या काउंटरवरच्या बाईची चव चौदाव्या आठवड्यात गेली, सोळाव्यात तिने स्वतः लसणाची फोडणी घातली, पण रोजची दीडशे-दोनशे मिलिलिटर लाळ नवव्या महिन्यापर्यंत राहिली. तिचं वजन तोवर अकरा किलोंनी वाढलं होतं. बाळंतपणानंतर दुसऱ्या दिवशी राउंडला गेले तेव्हा बाटली खाटेखाली कोरडी पडली होती, आणि ती मेथीची भाजी-भाकरी मागत होती.